चौकाचा सेफ्टी ऑडिट अहवाल: कोणता धोका वर, कोणता खाली आणि प्रत्येकावर काय करायचं

प्रश्न: नाशिकमध्ये शहराच्या हद्दीजवळच्या एका चौकाच्या सुधारणेचं काम आमच्याकडे आहे. रोड सेफ्टी ऑडिटच्या अहवालात एकोणीस मुद्दे आलेत आणि बहुतेकांपुढे ‘उच्च जोखीम’ असंच लिहिलंय. सगळ्यांना पुरेल एवढा निधी नाही. क्रम कसा लावायचा आणि कशावर काय सुचवायचं? अहवाल, मोजमापाचा नकाशा आणि स्पीड गनच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

उत्तर:

एकोणीसपैकी खरे जीवघेणे धोके चारच आहेत. पहिला, दुभाजकातल्या कटमधून आडवी जाणारी आणि उजवीकडे वळणारी वाहनं. दुसरा, बस थांब्यापाशी रस्ता ओलांडणारी माणसं. तिसरा, डावीकडे वळायची ती सैल, मोठी वळणं. चौथा, दुभाजकाचं बोथट नाक आणि त्याच्या आसपासचा अंधार. बाकीचे पंधरा मुद्दे खोटे नाहीत, पण त्यातले बरेचसे या चारांचं काम करताना आपोआप सुटतात आणि उरलेले देखभालीच्या यादीत जातात.

अहवालात रस्त्याकडेच्या हातगाड्या पहिल्या क्रमांकावर आणि दुभाजकाचा कट अकराव्यावर आहे. पाहणी करताना जे आधी दिसलं ते आधी लिहिलं गेलं, एवढाच याचा अर्थ. क्रम लावताना दोन गोष्टी विचारा: हा प्रकार किती वेळा घडू शकतो, आणि घडला तर धडक किती वेगात, कोणत्या बाजूने आणि कोणाला बसेल. दोन्हीला समान वजन देऊ नका, दुसरी जास्त महत्त्वाची. पायी माणसाला साधारण ३० किमीच्या वेगापर्यंत बसलेली धडक बहुतेकदा जीव घेत नाही. कारला बाजूने बसलेली धडक ५० पर्यंत आणि समोरासमोरची ७० पर्यंत आतला माणूस झेलू शकतो. दुचाकीस्वाराला पत्र्याचं कवच नसतं, म्हणून त्याला पायी माणसाच्याच रांगेत धरा. हातगाडीमुळे रोज दोनदा खरचटाखरचटी होत असेल, पण ती पंधरा किमीच्या वेगाने होते. कटमधली धडक वर्षातून एकदाच होईल, पण ती साठच्या वेगाने आणि थेट बरगडीत.

अपघातांची नोंद वाचताना नुसता आकडा मोजू नका. पोलिसांच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगाने व निष्काळजीपणे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वेळी असतं, त्यातून काही हाती लागत नाही. पंचनामा मागून घ्या. कोणत्या वाहनाची कोणती बाजू चेपली, वाहनं कुठे थांबली, वेळ काय होती, हे तिथे मिळतं. ते नकाशावर बाणांनी काढलं की एकाच जागी येणारे बाण लगेच डोळ्यात भरतात. शिवाय जागेवर मिटवलेले अपघात कागदावर येतच नाहीत. त्यांच्यासाठी चौकात खाली बघत फिरा. इंडिकेटरच्या पिवळ्या-लाल काचा कुठे साचल्यात, दुभाजकाच्या कर्बवर टायरचा काळा घासा कोणत्या बाजूला आहे, ब्रेकचे पट्टे कुठून सुरू होतात ते पाहा. तुमच्या अहवालातल्या फोटोंमध्ये कटच्या पुढच्या कोपऱ्यावर हे तिन्ही दिसतंय.

आता पहिला धोका, थोडा सविस्तर, कारण निम्मा निधी इथेच लागेल.

नकाशानुसार मुख्य रस्ता चौपदरी, प्रत्येक बाजू ७.५ मीटर, मध्ये १.२ मीटरचा दुभाजक आणि त्यात २२ मीटरचा कट. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ मीटरचे रस्ते येतात. सिग्नल नाही. स्पीड गनप्रमाणे दर शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ६२ किमी किंवा त्याखाली आहेत, म्हणजे आराखडा ६२ धरूनच करायचा. द्राक्षाच्या हंगामात इथून क्रेटने भरलेले पिकअप आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात, तेव्हा हिशेब ट्रॉलीचा करा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून लांबी साधारण ९ मीटर. १.२ मीटरच्या दुभाजकात ती थांबू शकत नाही, त्यामुळे एका दमात दोन्ही बाजू ओलांडाव्या लागतात: १६.२ मीटर रस्ता आणि स्वतःची ९ मीटर लांबी, म्हणजे जवळजवळ २५ मीटर. भरलेली ट्रॉली थांबलेल्या अवस्थेतून अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्याच त्वरणाने उठते असं धरलं तर १० सेकंद लागतात. पाहून निर्णय घ्यायला आणखी २. या १२ सेकंदांत ६२ च्या वेगाने येणारी गाडी दोनशे मीटर पुढे आलेली असते. म्हणजे ट्रॉलीवाल्याला पलीकडच्या बाजूचे दोनशे मीटर मोकळे दिसायला हवेत. अलीकडच्या बाजूसाठी, म्हणजे उजवीकडून येणाऱ्या वाहनांसाठी, हाच हिशेब १७० मीटरच्या आसपास येतो.

प्रत्यक्षात दिसतं किती? उजवीकडे, चौकाच्या अलीकडे १५ मीटरवर बस थांबा आहे. बस उभी असताना तुमच्या नकाशावर दृष्टीची रेषा ६५ मीटरला संपते. ट्रॅक्टर चालवणारा नाकापासून दोन-अडीच मीटर मागे बसतो, त्यामुळे बघण्यासाठी त्याला नाक पदरात घालावंच लागतं. डावीकडे दुभाजकातली कण्हेर दीड मीटर वाढली आहे. ट्रॅक्टरवाल्याला ती अडत नाही, कारण तो उंच बसतो. पण दुचाकीस्वार, रिक्षावाला आणि कारवाला यांना पलीकडचा रस्ता जवळजवळ दिसतच नाही. मुख्य रस्त्यावरच्या गाडीला ६० च्या वेगात थांबायला ८० मीटर लागतात, म्हणजे तिने ६५ मीटरवर ट्रॉली पाहिली तरी धडक होणारच. चूक कोणाचीही असो, भूमितीत ती टळत नाही.

गर्दीच्या वेळेची वाहनगणना हा धोका दाखवत नाही, उलट झाकते. गर्दीत वेग आपोआप उतरतो. ८ ऑक्टोबर २०२२ ला छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची चौकात खासगी बस आणि मालवाहू वाहनाची धडक होऊन बस पेटली, ती पहाटेची वेळ होती. म्हणून वेगाच्या नोंदी पहाटे चार ते सहाच्याही घ्या. तुमच्या नोंदी सकाळी दहा ते दुपारी एकच्या आहेत, खरा आकडा ६२ पेक्षा वर निघाला तर नवल नाही.

उपाय तीन सुचतात. कट बंद करणं सगळ्यांत स्वस्त वाटतं आणि बैठकीत तेच आधी पुढे येईल. पण पुढचा यू-टर्न सहाशे मीटरवर आहे. एवढं लांब कोणी जात नाही, लोक रॉंग साइडने येतात आणि आडव्या धडकेच्या जागी समोरासमोरची धडक तयार होते. जवळ नवा यू-टर्न द्यायचा म्हटलं तर आतल्या पदराच्या मध्यापासून पलीकडच्या कर्बपर्यंत जेमतेम साडेदहा मीटर मिळतात, आणि ट्रकला वळायला वीस मीटरच्या वर जागा लागते. म्हणजे पलीकडे रस्ता फुगवावा लागेल, त्यासाठी जमीन लागेल. गोल चौक वेगाच्या दृष्टीने उत्तम, पण तीस मीटर जागेत चौपदरी रस्त्याचा गोल चौक बसत नाही. बसवलाच तर नुसता नावाला गोल होतो आणि गाड्या सरळ निघून जातात. (त्यात मध्ये शिल्प उभारायची हौस आली की दिसणं पुन्हा बंद!)

राहिला सिग्नल. इथे तोच सुचवा, पण चार बाजूंना चार वेगळे हिरवे देऊन. दुभाजक अरुंद असल्याने उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळा पदर देता येत नाही, ते वेगवान पदरातच उभे राहतात. समोरून सरळ येणाऱ्यांना त्याच वेळी हिरवा दिला तर मूळ धोका जसाच्या तसा राहतो. चार फेज केल्याने थांबण्याचा वेळ वाढेल, त्यावर तक्रारी येतील, पण एकूण चक्र १२० सेकंदांच्या आत ठेवलं तर लोक लाल मोडायला कमी धजतात.

पिवळा आणि सर्व-लाल यांचे सेकंद कंत्राटदाराच्या सवयीवर सोडू नका. मुख्य रस्त्याचा पिवळा असा काढा: एक सेकंद प्रतिक्रियेचा, आणि वेग भागिले दुप्पट मंदन. ६२ किमी म्हणजे १७.२ मीटर प्रति सेकंद; मंदन ३ धरलं तर १ अधिक २.९, म्हणजे ४ सेकंद. सरसकट तीन ठेवला की ज्याला थांबता येत नाही आणि निघूनही जाता येत नाही असा चालक रोज तयार होतो. आडव्या रस्त्याचा पिवळा तीन चालेल, पण त्यानंतरचा सर्व-लाल मोठा हवा: स्टॉप लाइनपासून शेवटच्या पदरापलीकडे २४ मीटर, ट्रॉलीची लांबी ९, एकूण ३३ मीटर, २० किमीच्या वेगाने ६ सेकंद. कोणी म्हणेल की मुख्य रस्त्यावरचे चालक हिरवा झाल्यावर उठायला एक-दोन सेकंद घेतात, ते वजा करा. करू नका. उभा असलेला उठायला वेळ घेतो. लांबून चालत्या वेगात येणाऱ्याला आयता हिरवा मिळतो, आणि घात तोच करतो.

रात्री अकरानंतर सिग्नल पिवळा लुकलुकत ठेवायची पद्धत या चौकात बंद करा. वेग सर्वांत जास्त असतानाच संरक्षण काढून घेतलं जातं. त्याऐवजी रात्री ६० ते ७० सेकंदांचं छोटं चक्र लावा.

सिग्नल लागला तरी येणारा वेग खाली आणावाच लागेल, कारण लाल मोडणारा कोणीतरी असणारच. ६० ऐवजी ४० चा वेग असेल तर धडकेची ऊर्जा निम्म्याहून कमी होते आणि थांबायचं अंतर ८० वरून ४५ मीटरवर येतं. मुख्य रस्त्यावर गतिरोधक घालू नका. अचानक ब्रेक लागून मागून धडक, कांद्याच्या ट्रकचा माल हलणं आणि पावसात दुचाकी घसरणं, हे तिन्ही त्यासोबत येतं. त्याऐवजी चौकाच्या अलीकडे १५० मीटरपासून पदर रंगाने ३.२५ मीटरचे करा आणि वाचलेली जागा कडेला पट्टा म्हणून सोडा. त्याच टप्प्यात आडवे थर्मोप्लास्टिक पट्टे द्या, त्यांच्यातलं अंतर चौकाकडे कमी होत जाईल असं. पट्टे ५ मिलिमीटरपेक्षा जाड करू नका आणि रंगात काचेचे मणी आणि घसरण रोखणारी खडी आहे का ते पाहा, नाहीतर पहिल्या सरीला दुचाकी पडते. गतिरोधक हवेत ते आडव्या रस्त्यांवर, स्टॉप लाइनच्या अलीकडे: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, गोलाकार. रात्रीतून उभे राहणारे अरुंद, टोकदार उंचवटे गतिरोधक म्हणून धरू नका, ते उखडायचा खर्च अंदाजपत्रकात घ्या.

दुसरा धोका बस थांब्याचा. तो हलवला की पहिल्या धोक्यातली दृष्टीची अडचणही जाते, म्हणून हे सर्वांत फायद्याचं काम. थांबा चौकाच्या पलीकडे न्या, म्हणजे बस सिग्नल ओलांडून थांबेल. मागे किमान दोन बस उभ्या राहून चौकात शेपूट येणार नाही एवढं अंतर ठेवा. सिटीलिंकची १२ मीटरची बस धरली तर ४० मीटर लागतील. आत्ता माणूस बसमधून उतरतो, बसच्या नाकासमोरून निघतो, आणि पलीकडच्या पदरातल्या गाडीला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पलीकडचा थांबा असेल तर तो बसच्या मागून, झेब्रावरून येतो.

झेब्रा आत्ता लोक चालतात त्या वाटेपासून २५ मीटर लांब आहे. रेलिंग घालून लोकांना तिकडे वळवायचा उपाय अहवालात आहे. तो खोडा, आठवड्यात रेलिंगचा एक गज वाकवलेला असतो. द्वारका चौकातले पादचारी भुयारी मार्ग लोकांनी का टाळले हे नाशिककरांना सांगायला नको. झेब्राच लोकांच्या वाटेवर आणा, तीन मीटर रुंद करा आणि स्टॉप लाइन त्याच्या अलीकडे दोन-तीन मीटर ठेवा. १६.२ मीटर ओलांडायला १.२ मीटर प्रति सेकंद चालणाऱ्याला साडेतेरा सेकंद लागतात, पण भाजीची पिशवी घेतलेल्या आजींना अठरा. पायी हिरवा अठरावरच ठरवा. दुभाजक झेब्रापाशी निदान दोन मीटर करायला मिळाला, तर दोन टप्प्यांत ओलांडता येईल. ती अर्ध्या-पाऊण मीटरची जागा अरुंद केलेल्या पदरांतून निघते. कर्ब तिथे रस्त्याच्या पातळीला उतरवा. कंत्राटदार ‘उतार केला’ म्हणत पाच सेंटिमीटरची पायरी ठेवतो, व्हीलचेअर आणि बाबागाडी तिथेच अडते.

तिसरा धोका वळणांचा. चारपैकी दोन कोपऱ्यांवर डावीकडे वळायची त्रिज्या ३० मीटर आहे, त्यामुळे दुचाकी आणि पिकअप ३५-४० च्या वेगात वळतात, तेही उजवीकडे मान करून, म्हणजे डावीकडून ओलांडणारा माणूस त्यांना दिसत नाही. त्रिज्या १० ते १२ मीटरवर आणा. बस आणि ट्रक वळण्यासाठी आतल्या बाजूला ५ सेंटिमीटर उंच, खडबडीत दगडी पट्टा द्या. मोठं चाक त्यावरून जातं, छोटी गाडी टाळते. आराखडा पक्का करण्याआधी जागेवर चुन्याने नवी कड आखून, एक १२ मीटरची बस आणि एक ट्रॉली प्रत्यक्ष वळवून पाहा. कागदावर बसलेलं वळण जागेवर चेंबरच्या झाकणावर आलेलं आढळतं. वाचलेल्या जागेवर फूटपाथ घ्या. मोकळी सोडली तर तिथे रिक्षा थांबा होणारच.

चौथ्या धोक्यात दुभाजकाचं नाक उभ्या काँक्रीटचं, ४५ सेंटिमीटर उंच, बोथट आहे. ते उतरतं करा, पुढे तिरप्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा धोकाफलक आणि नाकाच्या आधी २० मीटर रंगाची निमुळती पट्टी व कॅट आय. नाकावर विजेचा खांब किंवा फ्लेक्सचा सांगाडा नको. कण्हेरीबद्दल ‘नियमित छाटणी करावी’ अशी शिफारस केली आहे. ती लिहून काही होत नाही, पावसाळ्यात दोन महिन्यांत झाड पुन्हा तेवढंच. कटच्या दोन्ही बाजूंना ८० मीटर कण्हेर मुळासकट काढून ६० सेंटिमीटरपेक्षा वर न जाणारं झुडूप किंवा पेव्हर घाला. त्याने समोरच्या दिव्यांचा झगझगाट वाढेल हे खरं. त्यासाठी त्या टप्प्यात रस्त्यावरचा उजेड वाढवा. मध्यभागी एक हायमास्ट चौकाचा मधला भाग उजळवतो आणि झेब्रे अंधारात ठेवतो. झेब्राच्या दिव्याचा खांब वाहन येतं त्या बाजूला, झेब्राच्या थोडा अलीकडे उभा करा, म्हणजे ओलांडणाऱ्या माणसाच्या गाडीकडच्या अंगावर उजेड पडतो. खांब पलीकडे असेल तर चालकाला नुसती काळी आकृती दिसते.

उरलेल्यांपैकी गटाराची खचलेली झाकणं आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला साचणारं पाणी तेवढं या कामात घ्या, दुचाकीला ते खरंच आडवं येतं. फिकट पाट्या, मिटलेले रंग, कडेची पार्किंग हे वॉर्डाच्या देखभालीत द्या. हातगाड्यांचं म्हणाल तर फक्त कोपऱ्यापासून २० मीटरपर्यंतच्या हलवा, त्या दृष्टी अडवतात. बाकीच्यांना हात लावायची सुरक्षेच्या कारणाने गरज नाही.

क्रम आणि कामाची सुरुवात यात फरक ठेवा. कण्हेर काढणं आणि बस थांबा तात्पुरता हलवणं याला निविदा लागत नाही, ते या महिन्यात होऊ शकतं. सिग्नलला वेळ लागेल, तोपर्यंत कट २२ वरून १४ मीटर करा, पाण्याने भरलेले प्लास्टिक बॅरिअर ठेवून. त्याने आडव्या वाटा कमी होतात आणि वळणाऱ्यांना नेमकी जागा मिळते. पण ट्रॉली वळते का हे आधी पाहा.

एक गोष्ट अहवालात अजिबात नाही: कामाच्या काळातली सुरक्षा. २०२७च्या सिंहस्थाची घाई असल्याने रस्ता उकरून दोन-दोन महिने उघडा राहण्याची शक्यता आहे. आयआरसी:एसपी:५५ प्रमाणे कामाच्या टप्प्यांचा वाहतूक आराखडा आणि त्याचा खर्च वेगळ्या बाबीत घ्या, नाहीतर एक लाल फीत आणि दोन दगड यावर भागवलं जाईल. उकरलेल्या कडेला रात्री दिवे आणि ३० सेंटिमीटरपेक्षा खोल खड्ड्याला भक्कम कठडा, ही किमान अट.

प्रत्येक मुद्द्यापुढे तुमचा प्रतिसाद लिहा: मान्य, अंशतः मान्य की अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण, सही आणि तारीख. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याआधी रात्री, शक्य तर पावसात, चारही बाजूंनी दुचाकीवरून आणि पायी फिरून पाहणी करा. चालू झाल्यावर दोन आठवड्यांनी पहाटे आणि संध्याकाळी दोन-दोन तास चौकाचं व्हिडिओ चित्रण घ्या आणि मोजा: लाल मोडणारे किती, रॉंग साइडने येणारे किती, झेब्राबाहेर ओलांडणारे किती, जोरात ब्रेक मारावा लागलेली वाहनं किती. सर्व-लालचे सहा सेकंद पुरतात की ट्रॉलीचं शेपूट अडकतं, तेही याच चित्रणात दिसतं. अडकत असेल तर सेकंद वाढवा.